ओटा मालकाचा, टचस्क्रीन मिस्त्रीची

प्रश्न: आमची शेतकरी उत्पादक कंपनी वाशिम जिल्ह्यात सोयाबीन-तुरीचं सफाई-प्रतवारी युनिट उभारते आहे. काम निम्म्यावर आलंय आणि खर्च अंदाजाच्या साडेचार लाख पुढे गेलाय. सल्लागार म्हणतात हे स्कोप क्रीप आहे, संचालक म्हणतात ठेकेदाराचं गोल्ड प्लेटिंग आहे. वाढलेल्या मोठ्या गोष्टी तीन: ट्रॉलीच्या ओट्यावर पत्र्याचं छप्पर, स्टेनलेस स्टीलचा हॉपर आणि कॅमेरे. दोन्हींतला फरक नेमका कसा ओळखायचा, आणि पुढच्या कामात सुरुवातीलाच कसं कळेल?

उत्तर:

वाढलेल्या वस्तूकडे बघून हे कधीच कळत नाही. छप्पर उपयोगाचं आहे की नाही, हॉपर चांगला आहे की नाही, हा वाद घालत बसलात तर सल्लागारही बरोबर ठरतील आणि संचालकही. बघायचं ते एवढंच, की ही गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली, आणि ती निघाली तेव्हा तिची किंमत कोणी विचारली का.

मागणी मालकाच्या बाजूने आली, म्हणजे संचालक, सभासद, गावकरी, बँक किंवा योजनेचा अधिकारी यांच्यापैकी कोणाकडून तरी आली, आणि तिचे पैसे व दिवस न मोजता ती कामात शिरली, तर ते स्कोप क्रीप. कोणी मागितलंच नव्हतं, पण काम करणाऱ्याने आपल्या मनाने जास्तीचं किंवा भारीचं करून ठेवलं, तर ते गोल्ड प्लेटिंग. मागणी आली, तिचा खर्च काढला, संचालक मंडळाने बघितला, तारीख पुढे ढकलायला मान्यता दिली आणि मग काम केलं, तर ते दोन्ही नव्हे. तो रीतसर बदल झाला, मग तो दहा लाखांचा का असेना. खर्च वाढला म्हणजे क्रीपच झालं, असं सरसकट बोललं जातं ते चूक आहे.

शेवटच्या बिलात दोन्हींचा ठसा सारखाच उमटतो, म्हणून गोंधळ होतो. पण औषध वेगळं असल्यामुळे फरक कळायलाच हवा. क्रीपला दार लागतं: प्रत्येक मागणी एका वहीतून आणि एका सहीतून गेली पाहिजे. गोल्ड प्लेटिंगला ते दार अडवत नाही, कारण करणाऱ्याला आपण काही बदल करतोय असं वाटतच नाही. त्याच्या लेखी तो दिलेलं कामच चांगलं करत असतो. तो वहीत लिहायला येईल कशाला? त्याला काम सुरू होण्याआधी ‘कुठे थांबायचं’ ते सांगावं लागतं.

माझ्या हातून गेलेलं एक काम सांगतो, त्यात दोन्ही प्रकार झाले आणि एकाने दुसऱ्याला जन्मही दिला. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका शेतकरी कंपनीचं तुमच्यासारखंच युनिट होतं. तासाला २ टन, म्हणजे २० क्विंटल माल साफ करण्याची क्षमता. ६० बाय ४० फुटांचं शेड, माल ओतायचा हॉपर, बकेट एलिव्हेटर, प्री-क्लीनर, डीस्टोनर, ग्रॅव्हिटी सेपरेटर आणि शेवटी कट्टे भरायची जागा. अंदाजपत्रक ४८ लाखांचं. होळीनंतर पाया खोदला आणि घटस्थापनेला चाचणी घ्यायची असं ठरलं, कारण त्यानंतर सोयाबीनची आवक सुरू होते आणि ती कोणासाठी थांबत नाही. काम संपलं तेव्हा आकडा ५५ लाख ६० हजारांवर गेला होता आणि चाचणी दिवाळीच्या तोंडावर झाली. पहिले तीन आठवडे सभासदांचा माल तसाच, काडी-कचऱ्यासकट, व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला. कंपनीचं खरं नुकसान ते.

वाढलेले ७ लाख ६० हजार कुठून आले ते एकेक करून बघा.

जोत्यात मुरूम भरणं चालू होतं तेव्हा अध्यक्ष साइटवर आले. माणूस सरळ, स्वतःची तूर स्वतः पाठीवर वाहिलेला. म्हणाले, “भाऊ, मिस्तरी हायेच, मुरूम हायेच, इथं एक ओटा काढून टाका ना. ट्राली खाली करतानी पोट्टे वाकून वाकून मरतेत.” मागणी रास्त होती. ओटा असता तर ट्रॉलीचा फाळका त्याला भिडवून माल सरळ हॉपरकडे ओढता आला असता. मी मान हलवली. किती लागतील हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ओट्याला १ लाख १० हजार लागले. मग कोणीतरी म्हणालं की परतीचा पाऊस नेमका सोयाबीनच्या वेळेस येतो, ओट्यावर पत्रे नकोत का? झाले ९० हजार. पत्र्यांचे खांब उभे राहिल्यावर लक्षात आलं की ट्रॅक्टर जोडलेली ट्रॉली आता वळत नाही. म्हणून फाटक सरकवलं आणि वळणाच्या जागी काँक्रीटचा उतार केला, त्याचे १ लाख २० हजार. ‘एक ओटा काढून टाका’चे मिळून ३ लाख २० हजार आणि सव्वीस दिवस.

हे शुद्ध स्कोप क्रीप. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तिन्ही गोष्टी आज वापरात आहेत आणि सभासद खूश आहेत. पण ओटा मागितला त्याच दिवशी मी फीता घेऊन ट्रॉलीचं वळण मोजलं असतं, तर सगळी साखळी एका कागदावर दिसली असती. मग मंडळाने कदाचित ओटा पुढच्या वर्षावर टाकला असता, नाहीतर शेडचं तोंडच फिरवलं असतं, जे मुरूम भरताना जवळपास फुकटात झालं असतं. निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. निर्णय झालाच नव्हता.

आता दुसरी गोष्ट. वीजजोडणीच्या कामाला एक तरुण वायरमन होता, हाताने फार हुशार. करार ‘माल तुमचा, मजुरी माझी’ असा. पाच मोटरी होत्या. असल्या युनिटमध्ये मोटरी एका क्रमाने सुरू कराव्या लागतात: आधी शेवटचं यंत्र, मग त्याच्या मागचं, आणि माल उचलणारा एलिव्हेटर सगळ्यात शेवटी. पुढचं यंत्र बंद पडलं तर एलिव्हेटर आपोआप थांबला पाहिजे, नाहीतर माल तुंबतो, पट्टा घसरतो आणि जळतो. ही इंटरलॉकची सोय गरजेची होती आणि आराखड्यात होती. ती साध्या पॅनलमध्ये होते. एका स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरवरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टमधून दुसऱ्याच्या कॉइलची वायर फिरवली की झालं. अंदाजात पॅनलचे ७० हजार धरले होते.

पठ्ठ्याने पीएलसी बसवला, म्हणजे मोटरी चालू-बंद करणारा छोटा संगणकच. वर रंगीत टचस्क्रीन, त्यावर पाचही मोटरींची चित्रं, चालू असली की हिरवी, बंद असली की लाल. पॅनल २ लाख ६० हजारांवर गेलं, म्हणजे १ लाख ९० हजार जास्त. कोणी मागितलं होतं? कोणीच नाही. त्याने एका मोठ्या जिनिंगमध्ये तसं पॅनल पाहिलं होतं आणि त्याला ते एकदा स्वतः करून बघायचं होतं. खोट कुठेच नव्हती, उलट काम देखणं होतं. मालाची बिलं दोन-तीन दुकानांतून तुकड्या-तुकड्यांनी आली आणि मी ‘इलेक्ट्रिक साहित्य’ म्हणून सह्या केल्या. ती चूक माझी.

पण असल्या कामाची खरी किंमत बिलात दिसत नाही. आपल्याकडे व्होल्टेज कसं खालीवर होतं ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्याच हंगामात त्या पीएलसीचा वीजपुरवठ्याचा भाग गेला आणि युनिट चार दिवस बंद राहिलं, कारण तो दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात नव्हता. कॉन्टॅक्टर गेला असता तर गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्याने तासाभरात बदलून दिला असता. गोल्ड प्लेटिंगमध्ये ‘जास्त चांगलं दिलं, बिघडलं काय?’ हा प्रश्न नेहमी येतो. बिघडतं ते हेच. जास्तीची वस्तू चालवायची, सांभाळायची, दुरुस्त करायची जबाबदारी मालकाच्या गळ्यात पडते, आणि ती त्याने कधी मागितलेली नसते.

याच्या पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. टचस्क्रीन चालू झाली त्या दिवशी संचालक मंडळ बघायला आलं. चित्रं हिरवी-लाल होताना पाहून एक संचालक म्हणाले, “याच्यावर शेतकऱ्याचं वजनबी दिसन का?” वायरमन उत्साहाने म्हणाला, दिसेल की. मग वजन मोजणारा लोड सेल आला, मग वजनाची पावती छापायचा प्रिंटर आला, मग मोबाइलवर संदेश पाठवायचा घाट घातला गेला. १ लाख १० हजार त्यात गेले. संदेशाचं काम शेवटपर्यंत नीट चाललं नाही, आजही पावती हातानेच लिहितात.

हा तिसरा खर्च कोणत्या खात्यात टाकाल? मागणी संचालकाची, म्हणून क्रीप. पण ती मागणी जन्माला आली मिस्त्रीच्या हौसेतून. साधं पॅनल असतं तर कोणाला वजनाची आठवणही झाली नसती. गोल्ड प्लेटिंग असं मालकाच्या डोळ्यांपुढे नवीन ताट वाढून ठेवतं आणि मग भूक लागते. उलटही होतं. मालक रोज नवीन काहीतरी मागतो हे पाहून ठेकेदार पुढचं आधीच करून ठेवायला लागतो: “मागणारच हायेत, तं आताच टाकून देऊ.” म्हणून तुमच्याकडे सल्लागार आणि संचालक दोघेही थोडे-थोडे बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. साखळीची पहिली कडी कोणाची ते शोधा, कारण औषध पहिल्या कडीला लावायचं असतं.

राहिले १ लाख ४० हजार. ते मुरमाचे. खड्डा घेऊन पाहिलं होतं तेव्हा काळी माती कमी खोल वाटली होती. प्रत्यक्षात शेडच्या एका कोपऱ्यात ती बरीच खोल निघाली. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती तशीच ठेवून वर फरशी टाकली असती तर दोन वर्षांत फरशी उचलली गेली असती. म्हणून जास्त खोदून जास्त मुरूम भरला. हे ना क्रीप, ना गोल्ड प्लेटिंग. कामाचा आवाका तोच होता, अंदाज चुकला होता. संचालकांनी यालाही ‘ठेकेदाराने वाढवलं’ म्हटलं, आणि त्या भांडणात ओटा आणि पॅनल दोन्ही झाकले गेले. अशा न टाळता येणाऱ्या वाढीला वेगळं काढून ठेवणं फार गरजेचं आहे, नाहीतर खऱ्या दोन गोष्टी तिच्या आडोशाला लपतात.

आता लवकर ओळखायचं कसं ते.

क्रीपचं बी बऱ्याचदा काम सुरू होण्याआधी कागदातच पेरलेलं असतं. तुमच्या कामाचं वर्णन काढा आणि ‘इत्यादी’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘सर्व सोयींसह’ हे शब्द शोधा. आमच्या कागदात ‘आवश्यक ती विद्युत जोडणी’ असं लिहिलं होतं. अध्यक्षांच्या मते त्यात अंगणातला दिवा, बोअरची लाइन आणि ऑफिसच्या खोलीचा पंखा येत होता, ठेकेदाराच्या मते फक्त पाच मोटरी. दोघेही प्रामाणिक. असा एक शब्द दिसला की तिथे काय येतं आणि काय येत नाही हे दोन्ही लिहून घ्यायचं. ‘येत नाही’ची यादी लोक लिहीत नाहीत, आणि तीच पुढे जास्त उपयोगी पडते.

काम सुरू झाल्यावर क्रीप कानाने ओळखू येतं. ते मंडळाच्या सभेत येत नाही, साइटवर किंवा टपरीवर चहा पिताना येतं. त्याच्याबरोबर ठरलेले शब्द असतात: ‘एवढंच’, ‘सोबतच’, ‘मिस्त्री हायेच तवरक’, ‘करून टाका’. हे शब्द ऐकू आले आणि पाठोपाठ ‘किती लागन?’ ऐकू आलं नाही, तर क्रीप आत आलं असं समजा. ओट्याच्या वेळी हे सगळे शब्द मला ऐकू आले होते, आणि कामाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

दुसरी खूण म्हणजे मिस्त्रीला हुकूम देणारी तोंडं किती आहेत. हे विचारून कळत नाही. एक आठवडा संध्याकाळी मिस्त्रीजवळ बसा आणि आज कोणी काय सांगितलं ते त्याच्याकडून ऐका. आमच्याकडे चार जण सांगत होते: अध्यक्ष, सचिव, जागा देणारे पाटील आणि मी. दोनच्या वर तोंडं असली की मागण्यांना दार उरत नाही, आणि मिस्त्री प्रत्येकाला हो म्हणतो, कारण त्याला त्याच गावात उद्या पुन्हा काम करायचं असतं.

तिसरी खूण मला सगळ्यात खात्रीची वाटते, कारण ती कोणाच्या बोलण्यावर अवलंबून नाही. ती म्हणजे सिमेंटचे कट्टे. ६० बाय ४० फूट म्हणजे २४०० चौरस फूट, साधारण २२३ चौरस मीटर फरशी. जाडी १० सेंटिमीटर धरली तर काँक्रीट २२.३ घनमीटर. १:२:४ च्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण सव्वासहा ते साडेसहा कट्टे सिमेंट लागतं, म्हणजे अख्ख्या फरशीला १४० ते १४५ कट्टे. आमची फरशी पाऊण झाली तेव्हा वहीत १५५ कट्टे उचललेले होते. पाऊण फरशीला १०५ ते ११० पुरायला हवे होते. थोडी नासाडी धरली तरी ४० कट्टे दुसरीकडे गेले होते, आणि ते गेले होते ओट्याच्या कठड्याला व पायऱ्यांना, ज्याबद्दल मला कोणी बोललंच नव्हतं. दर शनिवारी एका मोठ्या बाबीचा असा ताळा केला तर मागणी कानावर नाही आली तरी मालात दिसते. दर आठवड्याला एकच बाब पुरते. सगळ्याच करायला बसलात तर दुसऱ्या आठवड्यात सोडून द्याल.

गोल्ड प्लेटिंगला कान उपयोगी पडत नाही, कारण तिथे कोणी काही मागतच नाही. तिथे उलट खुणा असतात, आणि त्या चांगल्या वाटतात म्हणूनच फसवतात.

पहिली म्हणजे काम ‘झालं’ म्हणतात पण संपत नाही. आमच्या वायरमनने सात तारखेला सांगितलं, पॅनल झालंच, थोडं बाकी आहे. चौदाला तेच, एकवीसलाही तेच. एखादी वस्तू अडल्यामुळे काम थांबलं असतं तर माणूस कुरकुर करतो: माल आला नाही, पैसे द्या, मदतनीस द्या. हा कुरकुर करत नव्हता. खुशीत होता, रात्री उशिरापर्यंत थांबत होता आणि मला काही विचारत नव्हता. काम लांबतंय, पण करणारा तक्रार करत नाही आणि प्रश्नही विचारत नाही, हे जिथे दिसेल तिथे जाऊन झाकण उघडून बघायचं.

दुसरी खूण, तो अर्धवट काम दाखवायला तयार होत नाही. “झाल्यावर दाखवतो ना भाऊ, आता मजा जाईन.” ज्याला मालकाला चकित करायचंय तो बहुधा मालकाने न मागितलेलं काहीतरी करत असतो.

तिसरी खूण बिलात सापडते. बिलाची रक्कम नंतर वाढते, आधी वस्तूचं नाव बदलतं. आराखड्यात नसलेलं एखादं नाव, किंवा आराखड्यातल्या वस्तूची वरची प्रत, पहिल्यांदा जिथे दिसते तो दिवस महत्त्वाचा. पीएलसीचं पहिलं बिल अवघ्या १४ हजारांचं होतं. रकमेच्या मानाने ते कोणाच्या डोळ्यात भरलं नाही. नावावर बोट ठेवून ‘हे काय आहे आणि कशासाठी?’ एवढं विचारलं असतं तर १४ हजारांत सुटका झाली असती.

शंका आली की करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: हे नसतं तर माल कुठे अडला असता? इंटरलॉकबद्दल विचारलं असतं तर तो म्हणाला असता, एलिव्हेटर तुंबेल. बरोबर, ठेवा. रंगीत पडद्याबद्दल विचारलं असतं तर उत्तर ‘दिसायला बरं’ याच्या पुढे गेलं नसतं. या प्रश्नालाही मर्यादा आहे. सुरक्षेच्या वस्तूने माल अडत नाही, माणूस वाचतो. पट्ट्यावरची जाळी, अर्थिंग, आणीबाणीचं लाल बटन यांना हा प्रश्न लावून ‘गोल्ड प्लेटिंग’ म्हणून काढायला लागलात तर अनर्थ होईल. आणि विचारताना आवाज चोर पकडल्याचा नको. भारी काम करणाऱ्या दहातल्या नवांना अभिमान असतो, किंवा टीकेची भीती असते, किंवा पुढचं काम मिळवायचं असतं. ज्याला मुद्दाम बिल फुगवायचंय तो निराळा, त्याला गोल्ड प्लेटिंग म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

हे टाळायला पुढच्या कामात मी दोनच गोष्टी केल्या. एक, शाळेची दोनशे पानी वही साइटवर दोरीने बांधून ठेवली. कोणी काही मागितलं की लिहायचं: कोणी, काय, किती पैसे, किती दिवस, आणि त्यासाठी काय मागे पडेल. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. ‘कॅमेरे: ६० हजार, चार दिवस, वजनकाट्याचा पाया पुढे जाईल’ असं लिहिलेलं दिसलं की निम्म्या मागण्या मागणारेच मागे घेतात. दोन हजारांच्या आतलं आणि अर्ध्या दिवसाचं असेल तर साइट बघणाऱ्याने ठरवायचं, त्याच्या वर अध्यक्ष आणि सचिव दोघांची सही. मर्यादा ठेवली नाही तर वही खिळ्या-मोळ्यांनी भरते आणि लोक तिला कंटाळतात. पण छोट्या नोंदीही महिन्याने बेरीज करून वाचायच्या. माझ्या एका कामात दोन हजारांच्या आतल्याच नोंदी एकोणतीस होत्या.

दुसरी गोष्ट मिस्त्री-वायरमनसाठी. काम द्यायच्या आधी ‘संपलं कधी म्हणायचं’ ते तीन-चार ओळींत लिहून त्याच्या हातात द्यायचं. पॅनलसाठी मी आता असं लिहितो: पाच मोटरी ठरल्या क्रमाने सुरू होतात, कोणतीही एक बंद केली की तिच्या मागच्या सगळ्या थांबतात, प्रत्येक सुटा भाग तालुक्याच्या दुकानात मिळतो, वायरिंगचा नकाशा झाकणाच्या आत चिकटवला आहे. एवढं झालं की काम संपलं आणि पैसे मोकळे. तिसऱ्या अटीनेच टचस्क्रीन बाद होते, तिचं नाव घ्यावं लागत नाही. आणि ठरलेल्या दिवसांपैकी एक तृतीयांश दिवस गेले की अर्धवट काम बघायला जायचं. बारा दिवसांचं काम असेल तर चौथ्या दिवशी. तेव्हा सापडलेलं परत फिरवता येतं.

आता तुमच्या तीन वस्तू. तुम्ही लिहिलंय त्यावरून पत्र्याचं छप्पर बहुतेक क्रीप आहे, कारण ठेकेदार स्वतःहून ओट्यावर छप्पर टाकायला जात नाही. मिस्त्रीला विचारा, कोण म्हणालं होतं. पण आधी बघा की मुळात ओटा आराखड्यात होता का. नसेल तर छप्पर ही दुसरी कडी आहे, आणि तिसरी कोणती येणार हे आजच शोधा. ट्रॅक्टर-ट्रॉली आणून प्रत्यक्ष वळवून बघा.

हॉपरवर मला गोल्ड प्लेटिंगचा संशय जास्त आहे. कोरड्या सोयाबीन-तुरीला साधा लोखंडी पत्रा चालतो. तिथे गंजापेक्षा दाण्याच्या घासण्याने झीज होते, म्हणून जाडी आणि उतार महत्त्वाचे, ३ मिलिमीटरच्या आसपास पत्रा आणि ४५ अंशांच्या आसपास उतार. स्टेनलेसचा भाव किलोमागे साध्याच्या तिप्पट-चौपट पडतो. मात्र एकदा कागद तपासा. सल्लागाराच्या आराखड्यातच ‘एसएस’ लिहिलेलं असेल तर ठेकेदाराने सांगितलेलंच केलंय, आणि हौस सल्लागाराची निघेल. आणि करार बघा. काम ठोक रकमेचं असेल तर हा फरक ठेकेदाराने सोसायचा, मोजमापावर बिल असेल तर तो तुमच्या अंगावर येतो. पैसे कोण भरणार हे करार ठरवतो, पण प्रकार कोणता ते करारावरून ठरत नाही.

कॅमेऱ्यांचं मी इथून सांगू शकत नाही. संचालकांनी मागितले असतील तर क्रीप. पण माल तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकेची किंवा विमा कंपनीची ती अट असेल, तर ती गरज पहिल्या दिवसापासून होती आणि आराखड्यात लिहायची राहून गेली. तो माझ्या मुरमासारखा प्रकार. मंजुरी घ्या, भांडू नका.

तुमचं काम निम्म्यावर आहे म्हणजे अजून बरंच हातात आहे. अनुदान मंजूर आराखड्यातल्या बाबींवरच मिळणार असेल तर वाढलेले साडेचार लाख पूर्ण कंपनीच्या खिशातले आहेत हे मंडळाला आधी सांगा, मग चर्चेचा सूर बदलतो. उद्या सकाळी अंदाजपत्रक, मालाची बिलं आणि फीता घेऊन मिस्त्रीबरोबर साइटला एक फेरी मारा. अंदाजपत्रकात नसलेलं जे जे दिसेल त्याच्यापुढे त्याने सांगितलेलं नाव लिहा. ज्याच्यापुढे ‘मीच केलं’ असं येईल त्याची वेगळी यादी करा. आणि ज्याच्यापुढे तुमचंच नाव येईल ते खोडू नका, माझ्या यादीत माझं दोनदा आलं होतं.